टाकून दिलेल्या फेऱ्या

बाबालाल सर किती गोष्टींना भीत होते, याची यादी आम्ही वर्गात केली होती. कुत्री, पाल, तपासणीला येणारे साहेब, एसटीचं बंद न होणारं दार, ढगांचा गडगडाट आणि जैनबबी चाची. चाची म्हणजे त्यांची बायको. ती यादी मीच फळ्यावर लिहिली होती आणि पुसायच्या आत सर वर्गात आले होते. त्यांनी ती वाचली, खडू उचलला आणि खाली एक ओळ घातली : 'बारावीचा गणिताचा पेपर.' मग डस्टरनं सगळं पुसून टाकलं. आम्ही हसलो. ती ओळ त्यांनी थट्टेनं लिहिली नव्हती, हे कळायला मला मार्च उजाडावा लागला.

पौडच्या शाळेला अकरावी-बारावी सायन्स नवीन मिळालं होतं. आमची पहिलीच बॅच, एकोणऐंशी साली परीक्षेला बसणारी. चौदा जण. त्यांत मुली दोन, आणि दुसरी दिवाळीतच लग्न करून गेली होती. तिच्या जागी नापास झालेला एक पुण्याचा पोरगा आला म्हणून आकडा चौदाच राहिला. मी भुकूमची, तुकाबाई. सतरा वर्षांच्या पोरीला तुकाबाई हे नाव म्हणजे शिक्षाच. पण आजीचं नाव ठेवायचं म्हटल्यावर मला कोण विचारतंय?

बाबालाल सर तोवर आठवी ते दहावीला गणित शिकवायचे. बी.एस्सी. झालेले ते एकटेच, म्हणून बारावी त्यांच्या गळ्यात पडली. पुस्तकं आली ती दिवाळीनंतर, तीही वर्गात मिळून तीन. तिन्ही एकाच गठ्ठ्यातली, आणि बांधणाऱ्यानं तिन्हींत तोच घोळ घातलेला : सोळा पानांचा एक जुडगा दोनदा लावलेला आणि पुढचा गायब. गायब झालेल्या पानांत संमिश्र संख्यांचा शेवटचा अर्धा भाग होता. सरांनी आपली कॉलेजची जुनी वही काढली. त्या वहीत तो भाग नव्हताच. कॉलेजात असताना त्यांनी तो ऑप्शनला टाकला होता. हे त्यांनी आम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

एक सांगते, जेवढं त्यांना येत होतं तेवढं त्यांनी फार सुंदर शिकवलं. एक अधिक आय ही संख्या. आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. फळ्यावर आडवा-उभा अक्ष काढून सर म्हणायचे, "उजवीकडं एक पाऊल, वर एक पाऊल. आता हेच दुसऱ्या तऱ्हेनं सांगा. मधल्या बिंदूपासून किती लांब? वर्गमूळ दोन. कुठल्या दिशेला? पंचेचाळीस अंश." अंतर आणि कोन, बस्स. मग त्या संख्येचा आठवा घात काढायचा तर आठ वेळा गुणत बसायचं नाही. अंतराचा आठवा घात, सोळा. कोनाची आठ पट, तीनशे साठ. म्हणजे पुरी एक फेरी मारून पुन्हा सुरुवातीच्या दिशेला. उत्तर, नुसतं सोळा! आय कुठल्या कुठं पळाला. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

सरांचा एक नियम होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता : कोन तीनशे साठच्या वर गेला की पुऱ्या फेऱ्या टाकून द्यायच्या. "पसारा नको. आधी फेऱ्या टाका, मग पुढं चला." वहीत चारशे पन्नास अंश तसाच राहिलेला दिसला तर ते लाल पेन्सिलीनं गोल करायचे. आम्ही सगळे फेऱ्या टाकण्यात इतके तरबेज झालो की घड्याळातसुद्धा टाकायचो.

मुळं काढायची वेळ आली तेव्हा सरांनी तोच नियम लावला. आठ आयचं घनमूळ. अंतर आठ, कोन नव्वद. आठचं घनमूळ दोन, नव्वदचा तिसरा भाग तीस. दोन अंतरावर, तीस अंशांत. म्हणजे वर्गमूळ तीन अधिक आय. उलटं गुणून पाहा : तीस तिप्पट नव्वद, दोनचा घन आठ. बरोबर. आम्ही खाली दोन रेघा मारल्या आणि पुढं गेलो.

मार्चात अभ्यासाची सुट्टी लागली. गणिताच्या पेपरला चार दिवस होते. मी आमच्या शेरडांमागं ओढ्याच्या काठी बसून आयचे घात लिहीत होते. आय गुणिले आय, उणे एक. आणखी एकदा, उणे आय. सहज म्हणून उणे दोन आय घेतला आणि तीनदा गुणला. उणे आठ गुणिले उणे आय. आठ आय.

मी पुन्हा केलं. पुन्हा आठ आय.

म्हणजे उणे दोन आय हेही आठ आयचं घनमूळ. मग सरांचं? तेही तपासलं, तेही बरोबर. एका गणिताला दोन उत्तरं, आणि सरांनी तर एकच सांगितलं होतं. सरांचं चुकलंय ही शक्यता मला आधी सुचलीच नाही. मला वाटलं, मला काहीच येत नाही आणि ते आता चार दिवसांवर कळतंय. शेरडं कुणाच्या हरभऱ्यात शिरली तेही पाहिलं नाही. आईनं संध्याकाळी त्याबद्दल पाठीत धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पौडला गेले. सरांचं घर बाजाराच्या मागं. ओट्यावर त्यांचे वडील, मोहिद्दीनचाचा, बसलेले. चाचांची एके काळी चुन्याची घाणी होती. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. बैल दिवसभर फिरायचा आणि चरातला चुना-वाळू दळून निघायची. आता सिमेंट आलं होतं आणि चाचा ओट्यावर.

मी सरांसमोर वही धरली. "सर, माझं कुटंतरी चुकतंय."

सरांनी पाहिलं. मग मला काही न विचारता उणे दोन आयचा कोन लिहिला : दोनशे सत्तर. त्याची तिप्पट, आठशे दहा. दोन फेऱ्या टाकल्या, सातशे वीस गेले. उरले नव्वद.

त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, यांना आता भोवळ येणार. ते खांबाला धरून खाली बसले. आतून जैनबबी चाची आल्या, म्हणाल्या, "काय झालं हो? कुणाचं काय आलंय?"

"माझंच आलंय," सर म्हणाले. "चौदा पोरांना मी चुकीचं शिकीवलंय. आणि पेपर तीन दिवसांवर आलाय."

मी घरून निघताना मनात धरलं होतं की सर हसतील आणि म्हणतील, वेडे, हे असं. मोठं माणूस घाबरलं की लहानानं कुणाकडं बघायचं?

सर बोटानं ओट्यावरच्या धुळीत गोल काढत होते. "वर्गमुळं दोन असतात हे आठवीपासून शिकवतोय मी. मग घनमुळं तीन असणार, हे डोक्यात येऊ नये? दोन सापडली. तिसरं कुठंय? आणि कसं काढायचं? नव्वदचा तिसरा भाग तीसच येतो. दुसरा येणार कुठनं?"

चाचांना कमी ऐकू यायचं, पण धुळीतला गोल त्यांना दिसला. ते खुशीत आले. "घाणी काढतोय व्हय रं?" आणि कुणी न विचारता सुरू झाले. "लोकं यायची, म्हणायची, चाचा, चुना झाला का? बैल तर खुंट्यापाशी उभाय. आरं, एक फेरा मारून बैल खुंट्यापाशीच येतो, धा फेरे मारून बी खुंट्यापाशीच. नुसता बैल बघून चुना झाला का न्हाई, कसं कळंल? फेरा मोजाया लागतोय. म्या दर फेऱ्याला एक खडा ठिवायचो."

सरांचं बोट थांबलं.

"तुका," ते म्हणाले, "नव्वदवर उभा असलेला बैल किती फिरून आलाय, ते आपल्याला माहीत नाही."

"व्हय."

"नव्वदच फिरून आला असंल. नाहीतर एक फेरी आणि नव्वद, चारशे पन्नास. नाहीतर दोन फेऱ्या, आठशे दहा. तिन्ही एकाच जागी. आता तिसरा भाग घे."

मी घेतला. तीस. एकशे पन्नास. दोनशे सत्तर. तीन वेगळ्या जागा! एकशे पन्नासची संख्या उणे वर्गमूळ तीन अधिक आय. मी तिसरी फेरीही करून पाहिली : अकराशे सत्तर, तिसरा भाग तीनशे नव्वद. एक फेरी टाकली की पुन्हा तीस. म्हणजे तीनच, चौथं नाही.

"मी आधी फेऱ्या टाकायला लावल्या," सर म्हणाले. "आधी वाटायच्या होत्या, मग टाकायच्या. मुळं त्या फेऱ्यांतच होती, तुका. मी ती लाल पेन्सिलीनं खोडत बसलो."

आता काय? पोरं सुट्टीवर, आपापल्या गावी. फोन कुणाकडं? सर म्हणाले, पेपरच्या सकाळी पुण्यात केंद्रावर सांगू. मग स्वतःच म्हणाले, "त्या वेळी सांगितलं तर आहे तेही विसरतील." ते उठले, बसले, परत उठले. त्यांना कशाची भीती वाटत होती ते मला दिसत होतं. पोराच्या घरी जायचं, आईबापाच्या देखत म्हणायचं की मास्तरनं चुकवलं. एका घरी नाही, तेरा घरी. आणि प्रत्येक घरी कुत्रं.

जैनबबी चाचींनी सायकल बाहेर काढून ओट्याला टेकवली. एवढंच केलं त्यांनी. त्या सायकलीकडं सर ज्या नजरेनं बघत होते, तशी नजर मी नंतर दाताच्या दवाखान्यातच पाहिली.

सरांनी कागदावर नावं लिहिली. माझ्या नावापुढं खूण केली. "भुकूमची दोन मी सांगते," मी म्हणाले, "आणि नांद्याला बहिरूकडं पण जाते." बहिरू आमच्याच वर्गातला, कोंडाजी मेंढपाळांचा पोरगा. त्यांच्या मेंढ्या तेव्हा नांद्याच्या शेतात बसवलेल्या होत्या, खतासाठी. मेंढ्यांची राखण करणारी तीन कुत्री होती, वाघासारखी. सगळ्या तालुक्याला माहीत होती.

"नको," सर म्हणाले. "भुकूमचं तू बघ. बहिरूकडं मी जाईन. चूक माझी आहे."

दोन दिवस सर हिंडले. उन्हातान्हात, घाटाकडच्या वाड्यांपर्यंत. ओसरीवर बसायचे, पाणी मागायचे आणि हात जोडूनच सुरुवात करायचे : "माझ्याकडनं चूक झाली." एका घरी बापानं ऐकवलं म्हणे, "मास्तर, पगार कशाचा घेता मंग?" सरांनी मान खाली घातली आणि पोराला गणित पुरं करून दाखवलं. हे मला नंतर कळलं. मी त्या दोन रात्री नीट झोपले नाही. मला सारखं वाटत होतं, जे एक सापडलं ते सापडलं. न सापडलेलं आणखी काय काय आहे?

पेपरच्या दिवशी पुण्याला केंद्रावर गेलो. वर्गात पंखा होता, तरी तळहाताला घाम. प्रश्नपत्रिका उलटी केली आणि चौथ्याच प्रश्नात ते होतं : उणे सोळाची सर्व चौथी मुळं काढा. सहा मार्क.

'सर्व' हा शब्द वाचला आणि माझं डोकं रिकामं झालं. काही म्हणजे काही आठवेना. अंतर सोळा, कोन एकशे ऐंशी, त्यापुढं अंधार. बाकावर घामाचा ठसा उमटला होता, त्याकडं मी बघत राहिले. मग मी कच्च्या कागदावर एक गोल काढला आणि डाव्या टोकाला बैल काढला. वाईट काढला, शेळीसारखा दिसत होता. एकशे ऐंशी फिरून आलास? की पाचशे चाळीस? की नऊशे? की बाराशे साठ? चौथा भाग घेतला : पंचेचाळीस, एकशे पस्तीस, दोनशे पंचवीस, तीनशे पंधरा. दोन अंतरावर चार कोपरे. लिहिताना मला रडू येत होतं आणि मी लिहीत होते.

बाहेर आले तेव्हा सर फाटकाशी उभे. सकाळपासून उभेच होते. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी नुसती भुवई वर केली. मी चार बोटं दाखवली.

मागून जो येईल त्याच्याकडं ते तसंच बघायचे. चार. चार. पुण्याच्या पोरानं दोन्ही हातांनी चार-चार दाखवली, जोरात. सरांनी खिशातल्या कागदावर खुणा केल्या. तेरा झाल्या. सर हसायला लागले होते. वर्षभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

शेवटी बहिरू आला. खूश होता. सरांची भुवई बघून त्यालाही वाटलं, आपण काहीतरी सांगावं. "सर, चौथा प्रश्न सोपा व्हता. पंचेचाळीस अंश. सुटला!" आणि त्यानं एक बोट वर केलं.

मी सरांकडं पाहिलं. ते पांढरे पडले होते. मला वाटलं, आता हे म्हणतील, वा, छान, घरी जा. बहिरूला काही कळलं नसतं. निकालापर्यंत तरी नाहीच.

"बहिरू," सर म्हणाले, "मुळं चार होती. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं. सगळ्यांना जाऊन सांगितलं. तुझ्याकडं आलो होतो, बांधापर्यंत. कुत्री अंगावर आली. मी भ्यालो आणि माघारी फिरलो. नांद्यातल्या कुशाबाच्या दुकानात चिठ्ठी ठेवली आणि मनाला सांगितलं, पोचंल."

बहिरूचं बोट अजून वर होतं. "आमी त्याच दिशी म्हाळुंग्याला हाललो, सर," तो म्हणाला. "चिट्टी न्हाई मिळाली." मग त्यानं बोट खाली घेतलं आणि आम्हा सगळ्यांकडं एकदा पाहिलं. आमच्यातलं कुणीच त्याच्याकडं बघू शकलं नाही. मी त्याच्याकडं जाणार होते. सर नको म्हणाले, आणि ते ऐकून मला बरं वाटलं होतं, कारण त्या कुत्र्यांना मीही भीत होते. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

जूनमध्ये निकाल लागला. तेरा पास. बहिरूला गणितात बत्तीस. तीन मार्कांनी गेला.

कोंडाजींनी सांगितलं, झालं एवढं शिक्षण बास. पाऊस जोर धरायच्या आत मेंढ्या घेऊन कोरड्या मुलखाला निघायचं, पोरानं संगं यायचं. ही बातमी मीच सरांना सांगितली. सायकल त्यांनी स्वतःच बाहेर काढली. मीही मागोमाग गेले, कारण या वेळी मला घरी बसवेना.

कळप म्हाळुंग्याच्या माळावर होता. बांधापाशी सरांनी सायकल आडवी टाकली. तिन्ही कुत्री उठली. सर थांबले. मला वाटलं, फिरले. पण ते पुढं गेले, मोठ्यानं ओरडत : "कोंडाजीऽ, ऑक्टोबरला बसू द्या त्याला! चूक माझी हाय, त्याची न्हाई!" दोन कुत्री नुसती भुंकली. तिसऱ्यानं पोटरी धरली.

कोंडाजी काठी घेऊन धावत आले. सर खाली बसले होते, पायजमा रक्तानं भिजलेला, आणि तरी तेच चाललं होतं : "ऑक्टोबर. चारच महिने. माझ्या घरी ठिवा त्याला."

"ठिवतो, ठिवतो," कोंडाजी म्हणाले. "आधी उठा, मास्तर. सोन्यासारख्या माणसाला चावलं ओ आमचं कुत्रं."

कुत्रं चावलं की तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक. सरांना सुईचीही भीती होती. ती आमच्या यादीत राहून गेली होती. बहिरू त्यांच्या घरी राहायला आला आणि रोज सकाळी तोच त्यांना धरून सरकारी दवाखान्यात न्यायचा. वाटेत सर त्याला मुळं काढायला लावायचे, पाचवी, सहावी, आठवी. ऑक्टोबरात बहिरूला एकसष्ट मार्क पडले.

इंजेक्शनं संपल्यावर, पंधराव्या दिवशी, मी सरांना भेटायला गेले होते. ते ओट्यावर पोटाला हात लावून बसले होते. मी विचारलं, फार दुखलं का हो?

"रोज सुई टोचताना तुमच्यातल्या एकेकाचं नाव घ्यायचो," ते म्हणाले. "तेरा जणांचं एवढं नाही दुखलं."